पवईच्या पाण्यातला ऑक्सिजन: घाटापासून ब्युरेटपर्यंत

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायच्या प्रॅक्टिकलला आमच्या जर्नलमध्ये दीड पानाची जागा होती. उद्देश, तत्त्व, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. कृती वाचली की वाटतं सगळी मेहनत ब्युरेटपाशी आहे. प्रत्यक्षात आकडा बरोबर येणार की चुकणार, हे बरंचसं तलावाच्या काठावर, बाटलीला बूच लावता लावता ठरून जातं. पवई तलावाच्या पाण्यावर आम्ही दोघींनी हे प्रॅक्टिकल केलं, त्याचं हे सविस्तर टिपण.

पद्धत विंकलरची. 1888 साली बुडापेस्टच्या लायोश विंकलरने ती मांडली आणि ती अजून टिकून आहे, कारण कल्पना साधी आहे. ऑक्सिजन वायू आहे. तो हवेतून पाण्यात शिरतो आणि पाण्यातून निसटतो, त्याला ब्युरेटखाली तसाच धरून ठेवता येत नाही. म्हणून आधी त्याला मँगनीजच्या साक्यात अडकवायचं, मग त्या साक्याकडून तेवढंच आयोडीन सोडवून घ्यायचं आणि ते आयोडीन थायोसल्फेटने मोजायचं. म्हणजे आपण मोजतो ते आयोडीन. हे एकदा डोक्यात बसलं की प्रत्येक पायरीवर दोनच शंका घ्यायच्या: बाहेरचा ऑक्सिजन आत शिरला का? आणि ऑक्सिजनशिवाय दुसरं कोणी आयोडीन सोडतंय किंवा खातंय का?

निघायच्या आदल्या दिवशी थायोसल्फेट तपासून घेतलं. 0.025 नॉर्मलचं द्रावण करायला लिटरभर पाण्यात 6.205 ग्रॅम सोडियम थायोसल्फेट लागतं. पण बाटलीवर 0.025 लिहिलंय म्हणून ते 0.025 असतंच असं नाही. मुंबईच्या दमट हवेत या द्रावणात जिवाणू वाढतात, गंधक सुटून ते किंचित गढूळ होतं आणि ताकद उतरते. शेल्फवरच्या बाटलीत थोडा सोडा घातलेला होता, तरी मॅडमनी तपासायला लावलंच. कॉनिकल फ्लास्कमध्ये दोन ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, पाणी, थोडं आम्ल आणि त्यात अचूक 20 मिली 0.025 नॉर्मल डायक्रोमेट. पाच मिनिटं कपाटात अंधारात ठेवून मग पाणी वाढवून टायट्रेशन. थायोसल्फेट बरोबर असतं तर 20.0 लागलं असतं. लागलं 20.6.

0.025 × 20 ÷ 20.6 = 0.0243 नॉर्मल.

हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिला, कारण शेवटचं सगळं गणित त्याच्यावर उभं राहणार होतं.

सकाळी आठला आम्ही पवईच्या गणेश घाटावर होतो. सोबत 300 मिलीच्या चार बीओडी बाटल्या, पाणी घ्यायचा डबा, थर्मामीटर, दोन पिपेट, मँगनस सल्फेटची बाटली आणि अल्कली-आयोडाइड-अझाइडच्या दोन छोट्या प्लास्टिकच्या बाटल्या. दोन का, ते पुढे येईल. तीव्र सल्फ्युरिक आम्ल मुद्दाम लॅबमध्येच ठेवलं. रिक्षात मांडीवर घेऊन जायची ती वस्तू नाही, आणि काठावर तिची गरजही नसते. अल्कलीसुद्धा काही साधी नाही, लिटरमागे पाचशे ग्रॅम कॉस्टिक सोडा असतो तिच्यात. त्यामुळे हातमोजे आणि चष्मा घाटावरही घालावे लागले. फिरायला आलेले आजोबा थांबून बघत होते. ‘बाळांनो, पायरीच्या खाली उतरू नका, मगरी आहेत,’ एवढं सांगून ते पुढे गेले. मगरी खरंच आहेत या तलावात, म्हणून डबा दोरीनेच सोडायचा होता.

पाणी घ्यायची चुकीची रीत सगळ्यात सोपी आहे: बाटलीच पाण्यात बुडवायची. हवा घळघळ करत बाहेर येते आणि येता येता आत शिरणाऱ्या पाण्यालाच ऑक्सिजन देऊन जाते. बादलीतून बाटलीत ओतणंही तसंच. आमच्या डब्यात बाटली आत बसते आणि झाकणातून आलेली नळी बाटलीच्या तळापर्यंत जाते. पाणी तळातून भरतं, बाटलीच्या तोंडावरून डब्यात सांडतं आणि डबा भरेपर्यंत सांडतच राहतं. त्यामुळे हवेला पहिल्यांदा शिवलेलं पाणी वाहून जातं आणि बाटलीत मागून आलेलं पाणी उरतं. डब्यातून बुडबुडे यायचे थांबले की वर ओढायचं. थर्मामीटर डब्यातल्या पाण्यात घालायचा, बाटलीत नाही. 27 अंश.

आता ऑक्सिजन अडकवायचा. बाटलीचं बूच काढून पिपेटचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाच्या जरा खाली धरून एक मिली मँगनस सल्फेट, मग दुसऱ्या पिपेटने तसंच एक मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड. दोन्ही द्रावणं पाण्याहून जड, ती खाली सरकतात आणि वरचं दोन मिली पाणी काठावरून सांडतं. हे दोन मिली लक्षात ठेवायचे. पिपेटची अदलाबदल करायची नाही. केली तर अल्कलीच्या बाटलीतच साका तयार होतो.

बूच तिरकं धरून अलगद सरकवत लावायचं, म्हणजे खाली बुडबुडा राहत नाही. त्यानंतर बाटली पंधरा-वीस वेळा उलटसुलट करायची. साका अर्ध्यापर्यंत बसला की पुन्हा एकदा उलटसुलट, आणि परत बसू द्यायचा.

इथे जे दिसतं ते पुस्तकातल्या समीकरणापेक्षा जास्त लक्षात राहतं. मँगनस सल्फेट आणि अल्कली मिळून आधी पांढरा हायड्रॉक्साइड होतो आणि ऑक्सिजन मिळाला की तो तपकिरी पडतो. घाटासमोरच्या मोकळ्या पाण्याच्या दोन्ही बाटल्यांत काही क्षणांत गडद तपकिरी ढग उतरला. मग बांबूने जलपर्णी बाजूला सारून, पाणी जरा स्थिरावू देऊन तिच्याखालचं पाणी घेतलं. त्या बाटल्यांत साका मळकट पांढरा, जेमतेम बदामी झाक आलेला. चारही बाटल्या पायरीवर ओळीने ठेवल्या तेव्हा ब्युरेटची गरज न पडता कुठे ऑक्सिजन आहे आणि कुठे नाही ते दिसत होतं. साका पूर्ण पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन जवळपास शून्य आहे असं समजायचं.

जलपर्णीच्या दुसऱ्या बाटलीत बुचाच्या घासलेल्या काचेवर मुळाचा एक बारीक तंतू अडकला होता. बूच नीट बसत नव्हतं आणि खाली मोठासा बुडबुडा दिसत होता. पार्टनरने वहीत लिहिलं: ‘बाटली 4, बुचाखाली बुडबुडा, अंदाजे 9 मिमी.’ या नोंदीचा पुढे उपयोग झाला.

बाटल्यांच्या पसरट तोंडात, बुचाभोवती पाणी भरून ठेवलं, म्हणजे वाटेत बूच हललं तरी हवेऐवजी पाणी आत जाईल. त्या जाड कापडी पिशवीत अंधारात ठेवल्या आणि निघालो. गांधीनगरच्या सिग्नलला रिक्षा नेहमीप्रमाणे अडकली, पण घाई नव्हती. साक्यात अडकलेला ऑक्सिजन काही तास तसाच राहतो. न अडकवता नुसतं पाणी बाटलीत भरून आणलं असतं, तर वाटेत पाण्यातल्या जिवाणूंनी आणि शेवाळाने आकडा बदलून टाकला असता.

लॅबमध्ये पोचल्यावर प्रत्येक बाटलीत एक मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल, पुन्हा बूच, पुन्हा उलटसुलट. साका विरघळतो आणि द्रावण आयोडीनच्या पिवळ्या-तपकिरी रंगाचं होतं. आम्ल घालतानाही एक मिली सांडतं. मग ते गणितात का धरत नाहीत, असा प्रश्न मला पडला होता. उत्तर सोपं आहे. तेव्हा साका खाली बसलेला असतो आणि ऑक्सिजनचा हिशेब त्या साक्यात असतो. सांडतं ते वरचं नितळ पाणी. म्हणूनच साका नीट बसल्याशिवाय आम्ल घालायचं नाही.

आत घडलं ते असं:

2Mn(OH)₂ + O₂ → 2MnO(OH)₂
MnO(OH)₂ + 2I⁻ + 4H⁺ → Mn²⁺ + I₂ + 3H₂O
I₂ + 2S₂O₃²⁻ → 2I⁻ + S₄O₆²⁻

एका ऑक्सिजन रेणूमागे दोन मँगनीज, दोन आयोडीन आणि चार थायोसल्फेट. ऑक्सिजनचं रेणुभार 32. त्याला चाराने भागलं की 8. सूत्रातला 8 कुठून आला, हे तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.

टायट्रेशनला बाटलीतलं 201 मिली घ्यायचं. 200 का नाही? 300 मिलीच्या बाटलीतून तलावाचं दोन मिली पाणी सांडून त्या जागी रसायनं आली, म्हणजे मूळ पाणी 298 मिली राहिलं. मूळ पाण्याचे 200 मिली हवे असतील तर 200 × 300 ÷ 298 = 201.3 मिली घ्यावे लागतात. काही लॅबमध्ये रसायनं दोन-दोन मिली घालतात. तिथे चार मिली सांडतात आणि हाच हिशेब 203 वर जातो. आपल्या लॅबची रीत कोणती ते बघूनच आकडा धरायचा.

‘आधी तो पंखा बंद कर गं,’ लॅबमधले काका म्हणाले. आयोडीन उडून जातं, आणि फ्लास्क पंख्याखाली ठेवून गप्पा मारल्या तर रीडिंग कमी येतं. त्यामुळे घामाच्या धारा लागल्या तरी पंखा बंद. द्रावणही मोजपात्राच्या काठाने अलगद ओतायचं आणि एका वेळी एकच बाटली उघडायची.

ब्युरेटमधून थायोसल्फेट सोडत राहिलं की तपकिरी रंग उतरून गवताच्या काडीसारखा फिका पिवळा होतो. स्टार्च तेव्हाच घालायचा, एक-दोन मिली. आधी घातला तर भरपूर आयोडीन स्टार्चला घट्ट चिकटतं, काळपट होतं आणि शेवट रेंगाळतो. स्टार्च ताजाही हवा. आपल्याकडच्या उकाड्यात तो दोन दिवसांत बिघडतो आणि मग निळ्याऐवजी जांभळट-तांबूस रंग देतो. निळा आल्यावर थेंबाथेंबाने जायचं. पहिल्यांदा निळा पूर्ण गेला की तोच एंड पॉइंट. फ्लास्क टेबलावर राहिला तर बऱ्याच वेळाने हवेमुळे हलका निळा परत येतो. त्याच्याकडे बघायचं नाही.

मोकळ्या पाण्याच्या पहिल्या बाटलीला 5.4 मिली लागलं. दुसरीचा शेवट मात्र वेगळा झाला. 5.8 ला निळा गेला आणि मी ब्युरेटचा कॉक बंद करेपर्यंत परत आला. आणखी एक थेंब, गेला, पुन्हा आला. काही मिनिटांनी नाही, काही सेकंदांत.

ही बाटली मॅडमनी मुद्दाम वेगळी ठेवायला लावली होती. अल्कलीच्या दोन बाटल्यांपैकी एकीत अझाइड नव्हतं, आणि तीच अल्कली या बाटलीला वापरली होती. सांडपाणी मिसळणाऱ्या तलावात नायट्राइट असतं. आम्लात ते आयोडाइडमधून स्वतःच आयोडीन सोडवतं आणि स्वतः नायट्रिक ऑक्साइड होतं. त्या नायट्रिक ऑक्साइडला फ्लास्कवरची हवा लागली की पुन्हा नायट्राइट, आणि तेच चक्र परत सुरू. म्हणून शेवट कधी येतच नाही. अझाइड असेल तर आम्ल घातल्याबरोबर ते नायट्राइटला संपवून नायट्रोजन आणि नायट्रस ऑक्साइड करतं. निळा झटक्यात आणि पुन्हा पुन्हा परत आला तर नायट्राइट, आणि बऱ्याच वेळाने मंद आला तर नुसती हवा. एवढा फरक डोळ्यांनी ओळखता आला पाहिजे. ही बाटली गणितातून वगळली. बेसिनमध्येही काही ओतलं नाही: जुन्या इमारतींत शिसं-तांब्याचे पाइप असतात, त्यांच्याशी अझाइडचे स्फोटक क्षार तयार होऊ शकतात. सगळं प्लास्टिकच्या वेगळ्या कॅनमध्ये गेलं.

आता गणित. DO म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन, V म्हणजे लागलेलं थायोसल्फेट मिलीमध्ये आणि N म्हणजे त्याची नॉर्मॅलिटी. सूत्र असं:

DO (mg/L) = V × N × 8 × 1000 ÷ 200

थायोसल्फेट बरोब्बर 0.025 असतं तर 0.025 × 8000 ÷ 200 = 1, म्हणजे जेवढे मिली तेवढेच मिलिग्रॅम प्रति लिटर. ही सोय व्हावी म्हणूनच 0.025 आणि 200 हे आकडे निवडलेले आहेत. आमचं थायोसल्फेट 0.0243 चं होतं, त्यामुळे गुणक 0.972.

मोकळं पाणी: 5.4 × 0.972 = 5.2 मिलिग्रॅम प्रति लिटर. 27 अंशांना गोड्या पाण्यात हवेतून जास्तीत जास्त 7.97 मिलिग्रॅम मावतो, म्हणजे संपृक्ततेच्या साधारण दोन-तृतीयांश.

जलपर्णीखाली: 1.5 × 0.972 = 1.5 मिलिग्रॅम. चौथ्या, बुडबुड्याच्या बाटलीला लागलं 1.9 मिली, म्हणजे 1.8 मिलिग्रॅम. एकाच ठिकाणचं, एकाच वेळचं पाणी आणि इतका फरक. सरासरी काढून मोकळं व्हायचा मोह झाला. पण पार्टनर म्हणाली, ‘थांब, बुडबुड्याचा हिशेब करू.’ एक मिली हवेत 0.21 मिली ऑक्सिजन, म्हणजे आपल्या तापमानाला सुमारे 0.27 मिलिग्रॅम. 9 मिमी व्यासाचा गोल बुडबुडा साधारण 0.38 मिलीचा, त्यात ऑक्सिजन 0.10 मिलिग्रॅम. 0.3 लिटरच्या बाटलीत तो सगळा साक्याने शोषला तर लिटरमागे 0.34 मिलिग्रॅमची वाढ. आमच्या दोन रीडिंगमधला फरक 0.4 मिली गुणिले 0.972, म्हणजे 0.39. बुडबुडा काही अगदी गोल नसतो आणि मापही डोळ्यांनीच घेतलेलं होतं, तरी हिशेब जवळपास जुळला. चौथी बाटली कारण लिहून वगळली आणि 1.5 ठेवला. हाच बुडबुडा मोकळ्या पाण्यात 5.2 चं 5.5 करून गेला असता आणि कोणाच्या लक्षातही आलं नसतं. ऑक्सिजन जितका कमी, तितका बुडबुडा महाग पडतो.

पद्धतच कुठे गडबडत नाही ना, हे बघायला शेवटी नळाचं पाणी घेतलं. मोठी बाटली अर्धी भरून जोरजोरात हलवली, बुडबुडे निघून जाईपर्यंत तशीच ठेवली आणि नळीने बीओडी बाटलीत भरली. तापमान 28, आणि तक्त्यात 28 ला 7.83. ब्युरेटचं रीडिंग 8.0, म्हणजे 7.8. मुंबईच्या नळात क्लोरीन असतो आणि तोही आयोडीन सोडवतो. पण लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन असला तरी ऑक्सिजनच्या हिशेबात ते 0.05 च्या आतच येतं. या चाचणीत 6.5 किंवा 9 आलं असतं तर तलावाच्या आकड्यांवर एक ओळही लिहिण्यात अर्थ नव्हता.

जर्नलमध्ये मॅडमनी फक्त एका जागी लाल रेघ मारली: नमुन्याची वेळ तारखेशेजारी नव्हती, आत कुठेतरी होती. त्याचं कारण दुपारच्या बॅचच्या आकड्यांत दिसलं. त्यांनी त्याच घाटावरून तीन वाजता पाणी घेतलं, तापमान 30, रीडिंग 9.6, म्हणजे 9.3 मिलिग्रॅम. 30 अंशांना मावतो 7.56. म्हणजे 123 टक्के. त्यांना वाटलं काहीतरी बिघडलं, पण पाणी हिरवंगार होतं आणि ऊन कडक. दिवसभर शेवाळ ऑक्सिजन सोडत राहतं, तो हवेत निघून जाण्यापेक्षा वेगाने साठतो. रात्री तेच शेवाळ आणि जिवाणू तो वापरतात आणि सकाळी आठला आम्हाला मिळतो तो 5.2. अशा अतिसंपृक्त पाण्यात बुडबुडा उलटा वागतो: अडकवायच्या आधी पाणी ढवळलं गेलं तर ऑक्सिजन पाण्यातून बुडबुड्यात निघून जातो आणि आकडा खाली येतो. त्यामुळे त्यांच्या बाटलीत बुडबुडा असता, तर त्याचा हिशेब आमच्यासारखा करून चाललं नसतं.